ओली लोकर उबदार का राहते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घोंगडी, स्वेटर आणि पावसाळी ट्रेकचे कपडे यांबद्दल लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे प्रश्न आधी आहेत, अडचणीचे नंतर. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात गेला असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ओली लोकर उबदार राहते हे खरं आहे की नुसती समजूत?

खरं आहे, पण "ओली" म्हणजे किती ओली हे आधी ठरवायला हवं. दमट हवेने, धुक्याने, घामाने किंवा हलक्या भुरभुरीने सर्द झालेली लोकर चांगली ऊब देते. पिळल्यावर पाणी गळेल इतकी चिंब झालेली लोकर कोरड्या लोकरीपेक्षा बरीच गार असते, मात्र तितक्याच चिंब सुती कापडापेक्षा बरी.

यामागे दोन वेगळी कारणं आहेत आणि लोक ती एकत्र करतात, म्हणून गोंधळ होतो. पहिलं कारण असं की लोकर हवेतलं बाष्प तंतूच्या पोटात घेते आणि घेताना उष्णता सोडते (प्रश्न ३ आणि ४). दुसरं असं की ओल पोटात गेल्यामुळे तंतूंमधली हवा बराच वेळ जागेवर राहते, आणि ऊब राखण्याचं काम मुळात ती हवाच करत असते (प्रश्न ५). पहिलं कारण काही वेळापुरतं असतं, दुसरं जास्त काळ टिकतं.

२. लोकर पाणी शोषते म्हणता, मग घोंगडीवरून पावसाचे थेंब घरंगळत कसे जातात?

कारण लोकरीच्या तंतूचं बाहेरचं अंग आणि आतलं अंग यांचा स्वभाव उलटा आहे. बाहेरून तंतूवर माशासारखे बारीक खवले असतात आणि त्यांच्यावर स्निग्धाम्लाचा अतिशय पातळ थर रासायनिक बंधाने पक्का बसलेला असतो. या थराला पाणी चिकटत नाही, म्हणून थेंब गोल होऊन थांबतो आणि झटकला की पडतो. धुण्यात पुरती न गेलेली मेंढीच्या अंगची चरबीही यात भर घालते.

आतला गाभा केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो. आपले केस आणि नखं याच प्रथिनाची असतात. केराटिनला पाण्याची ओढ असते. द्रव पाण्याचा थेंब खवल्यांवर अडतो, पण बाष्पाचे सुटे रेणू इतके लहान की ते खवल्यांच्या फटींतून सहज आत शिरतात. थोडक्यात, लोकर पाऊस बाहेर ठेवते आणि दमटपणा आत घेते.

३. ओल शोषल्यावर उष्णता कुठून येते? पाणी तर गार असतं ना?

उन्हाळ्यात माठातलं पाणी गार का होतं ते आठवा. माठाच्या अंगावर झिरपलेलं पाणी वाफ होऊन उडतं आणि उडायला लागणारी उष्णता आतल्या पाण्यातून घेतं. लोकरीत नेमकं याच्या उलट घडतं. हवेत मोकळे फिरणारे बाष्पाचे रेणू केराटिनला चिकटून स्थिरावतात, आणि वाफ होताना त्यांनी जी उष्णता उचललेली असते ती तिथे सोडून देतात. भाताच्या पातेल्यावरचं झाकण उघडताना हाताला वाफ लागली की चटका बसतो, त्यातला बराचसा भाग वाफेचं पाणी होताना सुटलेल्या उष्णतेचाच असतो.

लोकरीत याच्यावर थोडी भर पडते. केराटिनच्या साखळीवर पाण्याशी हायड्रोजन बंध जोडणाऱ्या पुष्कळ जागा असतात. कोरड्या तंतूतल्या या जागा रेणूला घट्ट धरतात, त्यामुळे नुसतं पाणी होताना सुटली असती त्यापेक्षा जास्त उष्णता बाहेर पडते. जागा भरत गेल्या की ही जादा उष्णता कमी होत जाते. म्हणून लोकर जितकी कोरडी असेल तितका सुरुवातीचा परिणाम ठळक.

४. ही उष्णता कितीशी असते? अंगाला जाणवेल इतकी?

एक उदाहरण सोडवून पाहू. समजा स्वेटरमधल्या लोकरीचं कोरडं वजन ४०० ग्रॅम आहे. हिवाळ्यात हिमालयातल्या एखाद्या गावी तुम्ही हीटर लावलेल्या खोलीत बसला आहात आणि आतली सापेक्ष आर्द्रता ४० टक्के आहे. अशा हवेत लोकरीने वजनाच्या साधारण १० टक्के पाणी धरलेलं असतं. बाहेर धुकं आहे, आर्द्रता ९० टक्के. तिथे पुरेसा वेळ राहिली तर लोकर २२ टक्क्यांच्या आसपास जाईल. पण स्वेटरची आतली बाजू अंगामुळे कोमट राहते, म्हणून पूर्ण फरक न धरता १० टक्के धरू.

४०० ग्रॅमचे १० टक्के म्हणजे ४० ग्रॅम पाणी. एक ग्रॅम बाष्प शोषताना साधारण २.७ किलोज्यूल उष्णता सुटते. म्हणजे एकूण १०० किलोज्यूलच्या थोडं वर. ती तासाभरात सुटली असं धरलं तर सरासरी ३० वॅट होतात. स्वस्थ बसलेल्या माणसाचं शरीर साधारण १०० वॅट उष्णता निर्माण करतं, हे लक्षात घेतलं की ३० वॅट लहान वाटत नाहीत. प्रत्यक्षात वेग सारखा नसतो. पहिल्या काही मिनिटांत शोषण जोरात होतं आणि मग मंदावतं. खोलीतून गारठ्यात पाऊल टाकतानाचा पहिला झटका लोकरीत बोथट होतो तो यामुळेच.

याच हिशेबात तेवढ्याच वजनाचा सुती सदरा साधारण निम्मी उष्णता देतो. पॉलिस्टरचा कपडा तीन-चार किलोज्यूलवर थांबतो, म्हणजे जवळजवळ काहीच नाही.

दोन गोष्टी मात्र प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. ही सगळी उष्णता अंगाला मिळत नाही, बरीचशी बाहेरच्या हवेत जाते. आणि बाष्प तुमच्याच घामाचं असेल तर ते त्वचेवरून उडताना उष्णता घेऊनच निघालेलं असतं. लोकर ती वाटेत अडवून काही अंशी परत देते, नवी निर्माण करत नाही.

५. सुती कापडही पाणी शोषतं. मग ते गार का पडतं?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि योग्य प्रश्न. कापूस शोषण्यात लोकरीच्या मागे असला तरी फार मागे नाही. ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत १०० ग्रॅम कोरडी लोकर साधारण १५ ग्रॅम पाणी धरते आणि कापूस ७-८ ग्रॅम. हवा पाण्याने पुरती भरलेली असेल तर लोकर वजनाच्या एक तृतीयांशापर्यंत जाते आणि कापूस पाव भागाच्या जवळपास. म्हणून "लोकर शोषते, सुती शोषत नाही" हे उत्तर चुकीचं आहे. खरा फरक पुढे सुरू होतो.

कापसाचा तंतू आतून-बाहेरून सेल्युलोजचा असतो. विरंजन करून धुतलेल्या सुताच्या अंगावर पाणी अडवणारं काहीच उरत नाही. थेंब पडला की पसरतो, दोन तंतूंमधल्या फटीत शिरतो, आणि तिथली हवा बाहेर ढकलतो. पाणी स्थिर हवेपेक्षा साधारण चोवीस पट वेगाने उष्णता वाहून नेतं. त्यातच ओले सुती धागे मऊ पडून एकमेकांवर बसतात आणि कापड अंगाला चिकटतं. आता त्वचा आणि वारा यांच्यामध्ये हवेऐवजी पाण्याचा पडदा आहे, आणि वारा त्या पडद्यातून पाणी उडवतो आहे.

आपण माठ अधिक गार व्हावा म्हणून त्याला ओलं सुती फडकं गुंडाळतो. पावसात भिजलेला सुती टीशर्ट घालून कड्यावरच्या वाऱ्यात उभं राहिलं की आपण स्वतःच्या अंगाला नेमकं तेच करत असतो.

लोकरीचा तंतू नैसर्गिकरीत्या कुरळा असतो आणि दाबला तरी बऱ्यापैकी उसळून उभा राहतो. ओल पोटात गेल्यामुळे मधल्या जागा हवेच्याच राहतात. कापड त्वचेला मोजक्या टोकांनी टेकतं, म्हणून ओलसर असूनही हाताला ओलं लागत नाही. पोटातलं पाणी सावकाश सुटतं, त्यामुळे ते उडताना येणारा गारवाही एकदम न येता वेळात वाटला जातो.

६. मग पॉलिस्टर आणि फ्लीस? ते तर पाणी घेतच नाहीत.

पॉलिस्टरचा तंतू वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून कमी पाणी घेतो, नायलॉन साधारण ४ टक्के. पण तंतू पाणी घेत नाही म्हणजे कापड पाणी घेत नाही असं नव्हे. पाणी तंतूंच्या मधोमध साचतं. ते कुठेही बांधलेलं नसल्यामुळे पिळलं, झटकलं की बरंच निघून जातं आणि उरलेलं लवकर वाळतं. हा खरा फायदा आहे आणि लोकरीचा कितीही अभिमान असला तरी तो मान्य करायला हवा. दिवसभर चढताना घाम गाळून संध्याकाळी तंबूत कपडे वाळवायचे असतील तर फ्लीस लोकरीला मागे टाकतं.

कमी पडतं ते मधल्या अवस्थेत. चढताना घामाचं बाष्प निघतं, पॉलिस्टर ते पोटात घेऊ शकत नाही, म्हणून ते कपड्याच्या थंड भागावर पाणी होऊन जमतं. थांबलात की तोच चिकट ओलावा गार लागतो. लोकर त्या बाष्पातला मोठा वाटा पाणी होऊन साचण्याआधीच गिळते. थोडा घाम, थोडं थांबणं, पुन्हा थोडा घाम अशा चालीला लोकर जास्त मानवते.

७. थंड हवेत मुळात बाष्प कमी असतं. मग लोकर शोषते तरी काय?

शंका अगदी रास्त आहे. २२ अंश आणि ४० टक्के आर्द्रतेच्या खोलीत एका घनमीटर हवेत सुमारे ८ ग्रॅम बाष्प असतं, तर बाहेर ५ अंश आणि ९० टक्क्यांना सुमारे ६ ग्रॅम. म्हणजे बाहेर बाष्प कमीच आहे. तरीही बाहेर गार झालेली लोकर ओल घेते, कारण किती पाणी धरायचं हे ती बाष्पाच्या वजनावरून न ठरवता सापेक्ष आर्द्रतेवरून ठरवते. आपल्या तापमानाला हवा जितकं बाष्प धरू शकते त्याच्या किती जवळ पोचली आहे, यावर तंतूतला समतोल अवलंबून असतो.

दुसरा पुरवठा अंगाचा. घाम न येताही त्वचा आणि श्वास मिळून दिवसाला अर्ध्या लिटरहून जास्त पाणी बाष्परूपाने बाहेर पडतं. त्यातला त्वचेचा वाटा स्वेटरमधूनच बाहेर जातो.

यातून एक उपयोगी सवय निघते. स्वेटर रात्री खोलीच्या कोरड्या उबेत टांगून ठेवला तर सकाळी त्याच्यात शोषायला जागा असते. तो तंबूबाहेर दवात राहिला असेल तर ती जागा रात्रीच भरलेली असते.

८. लोकर अशी उष्णता सोडत राहते, तर ती कायम मिळत राहील का?

नाही. ही उसनवारी आहे. लोकर हवेशी समतोलाला पोचली की उष्णता सुटणं थांबतं. पुन्हा कोरडी होताना तेवढीच उष्णता ती परत घेते. एक ग्रॅम शोषताना जे २.७ किलोज्यूल मिळाले, तेच तो ग्रॅम उडवायला लागतात. स्वेटर अंगावरच वाळवला तर ते अंगातून जातात, शेकोटीजवळ किंवा उन्हात वाळवला तर तिथून. म्हणून ओलसर स्वेटर निवाऱ्याला पोचल्यावर काढून वाळवावा, अंगावर वाळू देऊ नये. निवारा नसेल तर उलट तो अंगावरच राहू द्यावा आणि वरून वारा अडवावा.

याच उलट्या चालीमुळे दमट जागेतून कोरड्या, गरम जागी आल्यावर पातळ लोकरी कपडा क्षणभर गार वाटतो. तो ओल सोडत असतो.

९. स्वेटर थेट पाण्यात बुडवून घातला तरी ऊब येईल का?

इथे बहुतेक जण फसतात. प्रश्न ३ मधली उष्णता प्रामुख्याने बाष्पाचं पाणी होण्यातून येते. बादलीतलं पाणी आधीच पाणी आहे. त्यामुळे उरते फक्त पाणी आणि केराटिन यांच्या बंधाची उष्णता. पूर्ण कोरडी लोकर पाण्यात भिजवली तर एका ग्रॅममागे साधारण ११३ ज्यूल सुटतात, कापसाला ४६ आणि पॉलिस्टरला ५. आपल्या ४०० ग्रॅमच्या स्वेटरला हे ४५ किलोज्यूल झाले. पण रोजच्या हवेतला स्वेटर पूर्ण कोरडा कधीच नसतो, त्यामुळे यातली बरीच उष्णता आधीच खर्च झालेली असते.

आता समोरची बाजू बघा. स्वेटरने ६०० ग्रॅम पाणी १५ अंशांचं घेतलं आणि ते अंगाने ३० अंशांपर्यंत तापवलं, तर साधारण ३८ किलोज्यूल लागतात. ते सगळं पाणी उडवायचं तर हजाराहून जास्त. म्हणजे नदीत पडलेल्या माणसाला लोकर शोषणातून उब देते हे खरं नाही. तिथे मदत होते ती कुरळ्या तंतूंची. पिळून पुन्हा घातल्यावर त्यात काही हवा परत येते. म्हणून पिळणं महत्त्वाचं आहे, पण पीळ न देता, गुंडाळून दाबत. पीळ दिला तर ओली लोकर ताणली जाते, कारण ओली असताना ती कमजोर होते. कापूस उलट ओला असताना जास्त मजबूत असतो.

१०. आमचे आजोबा पावसात घोंगडीची खोळ घेऊन फिरायचे. ती घोंगडी भिजत नव्हती का?

भिजायची, पण उशिरा. दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि राठ असते, मऊ स्वेटरच्या लोकरीसारखी नाही. धनगरांनी कातरलेल्या त्या लोकरीचं सूत काढून सणगर हातमागावर घोंगडी विणतात आणि ताण्याला चिंचोक्याची खळ देतात. वापरात आणि ओलाव्यात तंतूंचे खवले एकमेकांत अडकून कापड दाटतं. वर राठ केसांची टोकं उभी असतात, आत थोडी चरबी शिल्लक असते. रिमझिम पावसाचं पाणी या टोकांवरूनच ओघळतं. खोळ डोक्यावरून पाठीवर उतरती असल्यामुळे थेंबाला थांबायला सपाट जागाही मिळत नाही.

मुसळधार पावसात तासन्‌तास मात्र तीही टिकत नाही. पाणी शिरतं, वजन वाढतं, आणि जाड असल्यामुळे ती वाळायला दिवस घेते. मेंढपाळांनाही हे ठाऊक होतं. पुणे-सातारा भागातले अनेक धनगर कळप पावसाळा पठारावरच्या कमी पावसाच्या पट्ट्यात काढतात आणि दिवाळीनंतर कोकणात उतरतात. दख्खनी मेंढीलाही सततचा चिखल-पाऊस सोसत नाही.

घोंगडी डिटर्जंटमध्ये गरम पाण्याने धुतली की चरबी निघून जाते आणि पाणी लवकर शिरू लागतं. धुळीसाठी झटकणं आणि ऊन देणं बहुतेक वेळा पुरतं.

११. घोंगडी पावसाळ्यात जड का लागते? ती तर घरातच होती.

हवेतल्या ओलीने. कोरडं वजन २ किलो असलेली घोंगडी मे महिन्यातल्या ३० टक्के आर्द्रतेत साधारण १७० ग्रॅम पाणी धरून असते. जुलैत ९० टक्क्यांना हेच पाणी साडेचारशे ग्रॅमच्या आसपास जातं. एक थेंबही न लागता पाव किलोहून जास्त वजन वाढलं. म्हणूनच मोठ्या व्यापारात लोकर नुसत्या वजनावर विकत नाहीत. नमुना वाळवून कोरडं वजन काढतात आणि ओलीचा ठरलेला टक्का मिळवून हिशेब करतात. घरगुती काट्यावर लोकर घेणाऱ्यांनीही पावसाळ्यात हे ध्यानात ठेवावं.

१२. दुकानातून "लोकर" आणून मी स्वेटर विणला, पण तो ओला झाल्यावर गार पडतो. असं का?

बहुधा ती लोकर नसावी. आपल्याकडे विणकामाच्या कुठल्याही गुंड्याला लोकर म्हणायची पद्धत आहे, आणि बाजारातले बरेचसे रंगीत गुंडे ॲक्रिलिकचे असतात. ॲक्रिलिक दिसायला आणि कोरडं असताना उबेला चांगलं असतं, पण पाणी वजनाच्या एक-दोन टक्केच घेतं. त्याचं वागणं प्रश्न ६ मधल्या पॉलिस्टरसारखं समजा.

ओळखायचं असेल तर बोटभर धागा चिमट्यात धरून, सिंकवर, पेटवून पाहा. खरी लोकर नाखुशीने जळते, ज्योत दूर केली की बहुधा विझते, जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. ॲक्रिलिक भरभर पेटतं, काळा धूर सोडतं आणि शेवटी कडक काळा गोळा उरतो. दोन्ही लक्षणं अर्धवट दिसली तर मिश्रण आहे.

१३. मशीनमध्ये धुता येणारी लोकर अशीच वागते का?

शोषण्यात हो, थेंब अडवण्यात नाही. मशीनमध्ये आटू नये म्हणून अशा लोकरीचे खवले क्लोरीनने झिजवतात आणि अनेकदा वर पॉलिमरचा पातळ लेप देतात. त्यात प्रश्न २ मधला पाणी न चिकटणारा थर बराचसा जातो. गाभा तोच असल्याने बाष्प तेवढंच शोषलं जातं, पण पावसाचं पाणी लवकर पसरतं. आतल्या थरासाठी ही लोकर उत्तम, सगळ्यात वरच्या थरासाठी नाही.

१४. स्वेटरच्या आत सुती बनियन घातलं तर चालतं का?

शहरातल्या थंडीत चालतं. घाम येणाऱ्या चालीत चालत नाही. त्वचेला लागून असलेलं बनियन आधी भिजतं, आणि मग वरची लोकर कितीही चांगली असली तरी अंगाला ओलं फडकं चिकटलेलंच राहतं. टोचते म्हणून लोकर आत नको असेल तर बारीक तंतूची मेरिनो घ्या, नाहीतर पातळ पॉलिस्टर. आणि वर वारा अडवणारा एक थर हवाच. लोकरीची वीण मोकळी असते, त्यामुळे जोराच्या वाऱ्यात तिच्यातली हवा हलते आणि प्रश्न ५ मधला फायदा निम्मा वाया जातो.

१५. हे घरी तपासून पाहता येईल का?

येईल, आणि मुलांसोबत जरूर करा. शुद्ध लोकर, कापूस आणि पॉलिस्टर (उशीतला भरणा चालतो) यांचे प्रत्येकी २० ग्रॅमचे पुंजके घ्या. तिन्ही हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या भरपूर पुड्यांसोबत दोन दिवस ठेवा. दुसऱ्या मोठ्या डब्याच्या तळाशी खोलीच्याच तापमानाचं ओलं फडकं पसरा आणि त्यावर जाळी ठेवा, म्हणजे पुंजक्याला पाणी लागणार नाही. पुंजक्याच्या मधोमध सळीचा थर्मामीटर खुपसा, जाळीवर ठेवून झाकण लावा आणि दर मिनिटाला आकडा लिहा.

लोकरीचा आकडा पहिल्या काही मिनिटांत काही अंश चढतो आणि मग सावकाश उतरतो. कापसाचा कमी चढतो, पॉलिस्टरचा जेमतेम हलतो. शेवटी तिन्ही पुंजके पुन्हा वजन करून बघा. ज्याचं तापमान जास्त चढलं त्याचंच वजन जास्त वाढलेलं दिसेल.

लोकरीचा आकडा हललाच नाही तर तीन शक्यता तपासा. ती ॲक्रिलिक असेल (प्रश्न १२), थर्मामीटरचं टोक पुंजक्याबाहेर आलं असेल, किंवा ती पुरती कोरडी झालेली नसेल. पावसाळ्यात तिसरी शक्यता सगळ्यात मोठी, कारण डब्यातून काढून जाळीवर ठेवेपर्यंतच लोकर खोलीतलं बाष्प घ्यायला लागते. तेव्हा हा प्रयोग मार्च ते मे दरम्यान करा, आणि डबा उघडल्यापासून झाकण लावेपर्यंत अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ घालवू नका.